एक–पाच म्हणजे किती पाऊस?

२६ जुलै २००५ चा पाऊस मुंबईकर विसरलेले नाहीत. पण हवामान खात्याच्या दैनंदिन नोंदींत सांताक्रूझचा तो ९४४ मिलिमीटरचा आकडा शोधायला गेलात, तर तो २७ जुलैच्या तारखेसमोर सापडतो. ही छपाईची चूक नाही. आपल्याकडे पावसाची मोजणी सकाळी साडेआठला होते आणि आधीच्या चोवीस तासांत जमलेले पाणी मोजणीच्या दिवसाच्या खात्यावर लिहिले जाते. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत ७५ मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस पडला होता. म्हणजे तक्त्यात नुसते ‘मुंबई, २७ जुलै’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला कोणत्या दिवशी पाऊस पडला हे कळत नाही आणि कोणत्या मुंबईत पडला हेही कळत नाही. आकडा खरा असून उपयोग होत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी तक्त्यासोबत दोन कागद असावे लागतात. पहिला डेटा डिक्शनरी, म्हणजे प्रत्येक रकान्यात काय आहे, कोणत्या एककात आहे, त्यात कोणत्या किमती येऊ शकतात आणि रिकाम्या चौकटीचा अर्थ काय, हे सांगणारी यादी. दुसरा कागद गृहीतकांच्या टिपणाचा. तक्ता तयार करताना जिथे जिथे दोन किंवा अधिक शक्यता होत्या, तिथे आपण कोणती निवडली आणि कशाच्या आधारावर, याचा तो हिशेब असतो. कोणत्याही तक्त्याला हे दोन्ही कागद उपयोगी पडतात. पण तक्ता एखाद्या चित्रावरून, म्हणजे जुन्या वहीच्या फोटोवरून किंवा स्कॅन केलेल्या पानावरून उतरवला असेल, तर त्यांच्याशिवाय तो दुसऱ्याच्या हाती देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चित्रात शाईचा डाग दिसतो, खोडलेला आकडा दिसतो, फाटलेली कड दिसते. तोच आकडा एक्सेलच्या चौकटीत गेला की इतर आकड्यांसारखाच स्वच्छ आणि खात्रीशीर दिसू लागतो. चित्रातली शंका तक्त्यात कुठेच उरत नाही. ती जपून ठेवायची तर त्यासाठी वेगळा कागदच लागतो.

एक नमुना घेऊन हे पाहू. तालुक्याच्या कचेरीत पूर्वी पर्जन्यमापकाच्या नोंदींची वही असे. समजा, अशा वहीतल्या १९३८ सालच्या एका पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो आपल्यासमोर आहे. पुढचे आकडे मी समजावण्यासाठी रचले आहेत, पण त्यांतल्या अडचणी अशा वह्यांत हमखास भेटणाऱ्या आहेत. पानाच्या डाव्या कडेला १ ते ३१ तारखा, वर जून ते ऑक्टोबर असे पाच महिने, खाली प्रत्येक महिन्याची बेरीज आणि तिच्याखाली ‘पावसाचे दिवस’. आकडे देवनागरीत आणि हाताने लिहिलेले.

जुलैच्या रकान्यात आठ नोंदी आहेत. तीन तारखेला ०–४२, चारला १–५, पाचला २–१०, नऊला ०–८, दहाला ०–७५, सतराला १–३०, बावीसला ०–६ आणि तेवीसला शून्य, रेघ आणि पुढे एक आकडा, जो १ आहे की ९ हे शाई फुटल्यामुळे सांगता येत नाही. बाकीच्या दिवसांपुढे नुसती आडवी रेघ. खाली बेरीज ५–८५ आणि पावसाचे दिवस ५.

पहिला प्रश्न चार तारखेचा. १–५ म्हणजे किती? आजच्या सवयीने कोणीही ते दीड इंच वाचेल. पण त्या काळी पाऊस इंच आणि सेंटमध्ये मोजत. सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. त्या हिशेबाने १–५ म्हणजे एक इंच पाच सेंट, दशांशात १.०५. दोन्ही वाचनांत जवळजवळ अर्ध्या इंचाचा फरक पडतो.

कोणते वाचन बरोबर हे ठरवायला अंदाज लावावा लागत नाही, कारण वहीतच साक्ष आहे. सगळे आकडे इंच–सेंट धरून मिळवले आणि तेवीस तारखेची नोंद तूर्त बाजूला ठेवली, तर ५७६ सेंट होतात. वहीतली बेरीज ५८५ सेंट. फरक ९. म्हणजे इंच–सेंटचे वाचन धरले की तेवीसचा अंधूक आकडा आपोआप ९ ठरतो. उलट सगळे दशांश समजून मिळवले, तर बेरीज ८.३७ येते, किंवा अंधूक आकडा १ धरला तर ७.५७. यांपैकी एकही ५.८५ च्या जवळपास नाही.

दुसरी साक्ष खालच्या ओळीची. त्या काळी १० सेंट किंवा त्याहून जास्त पाऊस झालेला दिवस ‘पावसाचा दिवस’ धरत. आजची हवामान खात्याची मर्यादा २.५ मिलिमीटर आहे आणि १० सेंट म्हणजे २.५४ मिलिमीटर, तेव्हा दोन्ही मोजण्या जुळतात. इंच–सेंटच्या वाचनात दहा सेंटांच्या वरचे दिवस पाचच निघतात आणि वहीतही पाचच लिहिले आहेत. दशांशाच्या वाचनात आठही दिवस पावसाचे ठरले असते. इथे एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवायला हवी. पावसाच्या दिवसांची ओळ एककाचा प्रश्न सोडवते, पण तेवीसचा आकडा १ की ९ हे ती सांगू शकत नाही, कारण १ सेंट काय आणि ९ सेंट काय, दोन्ही मर्यादेच्या आतच राहतात. त्या आकड्यासाठी आधार एकट्या बेरजेचा. टिपणात नेमके हेच लिहायचे: कोणत्या निर्णयाला कोणता पुरावा, आणि तो पुरावा कुठे संपतो.

ही तपासणी केली नसती तर काय झाले असते? एक सेंट म्हणजे ०.२५४ मिलिमीटर, त्यामुळे जुलैचा खरा पाऊस १४८.५९ मिलिमीटर भरतो. दशांश समजून उतरवला असता, तर तो २१२.६ च्या घरात गेला असता. चौसष्ट मिलिमीटर पाऊस फक्त रेघ वाचण्याच्या सवयीतून पडला असता, आणि जुलैत पाऊस कमी झाला की बरा झाला, याचे उत्तर तेवढ्यावरून बदलले असते.

एक धोका कागदाचा नसून संगणकाचा आहे. एक्सेलमध्ये १-५ असे इंग्रजी अंकांत टाइप केले की तो त्याची तारीख करून टाकतो. भारतीय पद्धतीची तारीख लावलेली असेल, तर १-५ ची १ मे होते आणि २-१० ची २ ऑक्टोबर. ०-४२ मात्र तसेच राहते, म्हणून नुकसान सगळीकडे सारखे दिसत नाही आणि वरवर चाळताना नजरेतून निसटते. आकडे भरण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवणे हा साधा उपाय आहे. त्याहून पक्का उपाय म्हणजे मूळ नोंद एका रकान्यात जशीच्या तशी ठेवायची आणि इंच व सेंट दोन स्वतंत्र रकान्यांत लिहायचे. तक्त्याच्या दोन ओळी मग अशा दिसतील:

```
tarikh,mul_nond,inch,cent,sthiti
1938-07-04,1-5,1,5,spasht
1938-07-23,0-?,0,9,sandigdha
```

शेवटचा `sthiti` हा रकाना वहीत नव्हता, तो आपण घातला. आकडा स्पष्ट वाचता आला की संशयाने वाचला, हे त्यातून कळते. त्यामुळे पुढे कोणाला संशयित नोंदी वगळून हिशेब करायचा असेल, तर तो मूळ चित्र न पाहताही करू शकतो. मिलिमीटरचा रकाना हवा असेल तर तो या रकान्यांतून काढायचा आणि डिक्शनरीत त्याचे सूत्र द्यायचे:

```
mm = (inch * 100 + cent) * 0.254
```

सोबत एक वाक्य लिहावेच लागते. या सूत्राने चार तारखेचा पाऊस २६.६७ मिलिमीटर येतो, पण मूळ मोजणी एका सेंटपर्यंतचीच, म्हणजे पाव मिलिमीटरची होती. दशांशानंतरचे दोन आकडे गुणाकारातून आले आहेत. मोजणारा माणूस एवढे बारीक मोजत नव्हता.

आता `tarikh` या रकान्याची डिक्शनरीतली नोंद कशी असावी? ‘तारीख’ एवढेच लिहिले तर काहीच सांगितले नाही, कारण ते रकान्याच्या नावातच आहे. ती अशी हवी: ‘वहीत ज्या तारखेसमोर नोंद आहे ती तारीख. वहीत मोजणीची वेळ लिहिलेली नाही. सकाळची मोजणी धरली आहे, म्हणून या तारखेचा पाऊस बहुतांशी आदल्या दिवशीचा असू शकतो. तारखा मागे सरकवलेल्या नाहीत.’ यातले शेवटचे वाक्य फार मोलाचे आहे. ते नसेल तर पुढचा माणूस स्वतःच तारखा एक दिवस मागे घेईल. त्याच्या पुढचाही कदाचित तेच करील आणि पाऊस दोन दिवस मागे जाऊन पडेल. काय केले हे लिहावेच, पण वाचणाऱ्याच्या मनात जे करण्याची शक्यता येणार आहे, ते केले नाही हेही लिहावे.

सगळ्यात अवघड प्रश्न रिकाम्या चौकटींचा. आपल्या पानावर पाच महिने आणि ३१ ओळी, म्हणजे १५५ चौकटी. त्यांतल्या दोन रिकाम्याच असणार, कारण ३१ जून आणि ३१ सप्टेंबर या तारखाच नाहीत. म्हणून उभ्या तक्त्यात १५३ ओळी यायला हव्यात. १५५ आल्या तर तक्ता उतरवणाऱ्याने दोन दिवस नव्याने निर्माण केले आहेत.

जुलैत कोरड्या दिवसांपुढे आडवी रेघ आहे. बाकी नोंदी आणि बेरीज जुळत असल्याने रेघ म्हणजे ‘मोजले, पाऊस नाही’ असे धरता येते. पण ऑक्टोबरमध्ये १२ तारखेपासून चौकटी कोऱ्या आहेत. तिथे रेघही नाही. पाऊस ओसरला म्हणून लिहिणाऱ्याने रेघा ओढायचा कंटाळा केला, की त्या दिवसांत कोणी मोजलेच नाही? बेरीज इथे मदत करीत नाही, आणि चित्रावरून तक्ते उतरवणाऱ्यांना हे बऱ्याचदा उशिरा लक्षात येते. शून्य मिळवले काय आणि काहीच न मिळवले काय, बेरीज तीच राहते. बेरीज जुळली म्हणून कोऱ्या जागी शून्य भरणे हा पुराव्याचा चुकीचा वापर आहे.

उपयोगी पडू शकतील अशा गोष्टी वेगळ्या आहेत. समासात ‘मापक नादुरुस्त’ असा शेरा आहे का? हाच लिहिणारा इतर महिन्यांत कोरड्या दिवशी न चुकता रेघ ओढतो का? शेजारच्या तालुक्याच्या वहीत ऑक्टोबरच्या त्या दिवसांत पाऊस आहे का? आपल्या पानावर लिहिणाऱ्याने जून ते सप्टेंबर एकही चौकट कोरी ठेवलेली नाही. त्यामुळे ऑक्टोबरची कोरी जागा ही त्याची नेहमीची पद्धत नव्हे, असे मानायला जागा आहे. म्हणून तक्त्यात ती जागा रिकामीच ठेवायची, `sthiti` मध्ये `kora` लिहायचे आणि टिपणात नोंद करायची: ‘१२ ते ३१ ऑक्टोबरच्या चौकटी कोऱ्या आहेत. त्या शून्य धरलेल्या नाहीत. वहीतली ऑक्टोबरची बेरीज पहिल्या अकरा दिवसांच्या बेरजेशी जुळते, पण त्यावरून पुढच्या वीस दिवसांत पाऊस नव्हता असे ठरत नाही. या महिन्याचा आकडा इतर वर्षांच्या ऑक्टोबरशी ताडून पाहताना हे ध्यानात घ्यावे.’ परतीच्या पावसाचा अभ्यास करणाऱ्याला हे चार ओळींचे टिपण त्या पानावरच्या कोणत्याही आकड्याइतकेच कामाचे आहे.

ऑगस्टच्या रकान्याची तऱ्हा वेगळी आहे. तिथले सगळे आकडे स्वच्छ आहेत, पण बेरीज जुळत नाही. नोंदी मिळवल्या तर ७–६७ होतात आणि वहीत ७–४० आहे. फरक २७ सेंटांचा. हिशेब लिहिणाऱ्यांची एक जुनी युक्ती आहे: फरकाला नऊने भाग गेला, तर कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली असावी. २७ ला नऊने भाग जातो. अकरा तारखेला ०–६३ आहे, आणि ते ०–३६ केले तर बेरीज बरोबर ७–४० येते.

इथे मोह मोठा असतो. उत्तर इतके चपखल बसते की हात आपोआप दुरुस्तीकडे जातो. तरीही मी तो आकडा बदलणार नाही. जुलैत तेवीस तारखेला चित्रातच दोन वाचने शक्य होती आणि बेरजेने त्यांतून एक निवडून दिले. ऑगस्टात चित्र स्पष्टपणे ६३ म्हणते. अदलाबदल रोजची नोंद लिहिताना झाली, की बेरीज करताना कच्च्या कागदावर झाली, हे पानावरून ठरत नाही. लिहिणाऱ्याने एखादी नोंद बेरजेत धरलीच नसेल, हीही शक्यता उरते. म्हणून तक्त्यात ६३ ठेवायचा, आपली बेरीज आणि वहीतली बेरीज वेगवेगळ्या रकान्यांत द्यायच्या आणि टिपणात फरक, संशय आणि तो ज्या तारखेवर आहे ती तारीख सांगायची. पुढे कोणाला मूळ कच्ची वही मिळाली, तर तो पहिल्यांदा कुठे पाहील हे त्याला कळते. आपण आकडा बदलून बेरीज जुळवून टाकली असती, तर तिथे काही पाहण्यासारखे आहे याचा मागच उरला नसता.

टिपणातली प्रत्येक नोंद याच चालीने लिहावी: चित्रात काय दिसले, आपण काय धरले, का धरले, दुसरी शक्यता कोणती होती आणि ती खरी निघाली तर कोणता आकडा कितीने बदलेल. तेवीस जुलैपुरते सांगायचे तर, १ खरा निघाला तर महिन्याचा पाऊस ८ सेंटांनी, म्हणजे साधारण दोन मिलिमीटरने कमी होईल आणि पावसाच्या दिवसांची संख्या बदलणार नाही. एवढे सांगितले की वाचणारा स्वतः ठरवू शकतो की ही शंका त्याच्या कामाला बाधते की नाही. याउलट ‘अस्पष्ट आकडे संदर्भाने वाचले’ किंवा ‘आवश्यक दुरुस्त्या केल्या’ अशी वाक्ये लिहिणाऱ्याचे समाधान करतात आणि वाचणाऱ्याला कुठल्या चौकटीपाशी थांबायचे ते सांगत नाहीत.

चित्रात नसलेली, पण तक्त्यात असलेली माहिती वेगळी दाखवावी लागते. आपल्या फोटोत पानाची वरची कड कापली गेली आहे. तालुक्याचे नाव आणि साल पानावर दिसत नाही. १९३८ हे साल फोटोच्या फाइलला दिलेल्या नावावरून घेतले आहे. हे लिहिले नाही, तर साल वहीतच होते असा वाचणाऱ्याचा समज होईल. त्याची एक तपासणी मात्र करता येते. वहीत वार लिहिलेले असतील, तर ते त्या सालाच्या पंचांगाशी जुळतात का ते पाहता येते. १९३८ च्या जुलैची पहिली तारीख शुक्रवारी होती. वार जुळले म्हणून साल सिद्ध होत नाही, कारण तोच क्रम काही वर्षांनी परत येतो. पण जुळले नाहीत तर साल चुकले हे नक्की.

हे सगळे तक्ता पुरा झाल्यावर लिहायला बसू नये. तेवीस तारखेपाशी आपण का थांबलो होतो, हे पुढच्या महिन्याच्या रकान्यात शिरल्यावर आठवत नाही, आणि मग प्रत्येक निर्णय ठरलेलाच होता असे वाटू लागते. आकडे भरताना शेजारी कच्चा कागद ठेवावा आणि हात अडखळला की तारीख आणि कारण लगेच टिपावे. शक्य असेल तर तेच पान दुसऱ्या माणसाकडून, आपले आकडे न दाखवता, स्वतंत्रपणे उतरवून घ्यावे. दोघांचे जिथे पटत नाही त्या चौकटी टिपणात आल्याच पाहिजेत. दोघांचे पटले म्हणून आकडा बरोबरच असे मात्र नाही. एक–पाच दोघांनीही दीड इंच वाचले असेल, तर ती चूक तुलनेत दिसणार नाही. ती बेरजेतच पकडता येते.

शेवटी ठेवण्याचा प्रश्न. डिक्शनरी आणि टिपण तक्त्याच्याच फोल्डरमध्ये, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आणि तक्त्याच्याच नावाने ठेवावे, म्हणजे तक्ता कोणाला पाठवला की तेही सोबत जाईल. मूळ फोटोही तिथेच हवा. तो आकार कमी करून पुन्हा साठवलेला नको, काढला तसाच हवा, कारण लहान केलेल्या चित्रात १ आणि ९ मधला फरक सगळ्यांत आधी पुसला जातो. टिपणाच्या वर तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक घालावा. पुढे कोणी मूळ वही पाहून अकरा ऑगस्टचा आकडा खरोखर ३६ असल्याचे दाखवले, तर जुनी ओळ न खोडता तिच्याखाली नवी ओळ लिहावी: कोणता आकडा बदलला, काय पाहून बदलला आणि त्यामुळे ऑगस्टची बेरीज ७–६७ ची ७–४० कधी झाली.